चालणं आणि आपण (लेखांक ६) : आखूड पायाच्या बुटाला किती उंची द्यावी?

कंबरदुखीच्या रुग्णाला मागून न्याहाळताना डॉक्टर काय शोधतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्या तपासणीत बऱ्याच जणांच्या कमरेची एक बाजू किंचित खाली दिसते आणि ‘एक पाय आखूड आहे’ हे ऐकून माणूस धास्तावतो. खरं तर दोन्ही पाय मिलिमीटरपर्यंत सारखे असलेली माणसं थोडीच. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. एक सेंटीमीटरपर्यंत फरक असेल आणि त्रास नसेल, तर बुटाला हात लावू नये. एक ते दोन सेंटीमीटरमध्ये त्रास असेल तरच उंची लावून पाहतात. दोनच्या वर गेल्यावर मात्र तिचा विचार सहसा करावाच लागतो. पाचच्या पुढे बूट जड आणि डळमळीत होतो, त्यामुळे तिथे शस्त्रक्रियेचाही विचार होतो.

आधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. हाडच आखूड आहे, की पाय फक्त आखूड वाटतो? गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, मांडीचे स्नायू आखडले असतील किंवा पाठीचा कणा वाकलेला असेल, तर हाडं सारखी असूनही कंबर तिरकी दिसते. अशा वेळी उंची लावली तर तिरकेपणा तसाच राहतो, कधी वाढतोही. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने ‘हा पाय लांब झाला’ असं वाटणंही सामान्य आहे. स्नायू सैल झाले की ते बहुतेकदा ओसरतं. तेव्हा घाईनं बूट बदलू नये.

मोजायचं कसं? टेपनं कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत मोजतात, पण त्यात काही मिलिमीटरची चूक सहज होते. उभं राहून केलेली चाचणी अधिक उपयोगी. अनवाणी, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा. मागच्या माणसानं कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर दोन्ही हात आडवे ठेवावेत आणि आखूड पायाखाली पातळ फळ्या किंवा पुठ्ठे सरकवत जावं. कडा समान पातळीवर आल्या की त्या थराची जाडी मोजायची. नेमका आकडा लागणार असेल तर डॉक्टर दोन्ही पायांचा पूर्ण एक्स-रे काढायला सांगतात.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मांडीचं हाड मोडून जुळलेल्या एका गृहस्थाचा पाय २५ मिलिमीटरनं आखूड आहे. पण त्यांना २५ नाही द्यायचे. शरीरानं थोडं जुळवून घेतलेलं असतं; १८ वर त्यांना बरं वाटतं, तेच लक्ष्य. सुरुवात टाचेखाली ५ मिलिमीटरच्या घट्ट ईव्हीए किंवा कॉर्कच्या पॅडनं. मऊ स्पंज नको, भारानं तो दबतो आणि मोजलेली उंची उरत नाही. दोन आठवडे त्रास झाला नाही तर ८ मिलिमीटर. बुटाच्या आत याहून फार पुढे जाता येत नाही. साधारण एक सेंटीमीटरनंतर टाच बुटातून निसटू लागते.

उरलेले १० मिलिमीटर बाहेरून. चप्पल-बूट दुरुस्त करणारा कारागीर तळ सोडवतो, मध्ये एमसीआर रबराची पट्टी घालतो आणि तळ पुन्हा चिकटवतो. पट्टी टाचेपासून चवड्यापर्यंत हवी, बोटांकडे निमुळती. फक्त टाच उंच केली तर पाऊल पुढे कललेलं राहून पोटऱ्या आखडतात, आणि बोटांकडची जाडी कमी केली नाही तर माणूस अडखळतो. दुसऱ्या पायाच्या बुटाला काहीही करायचं नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पोलिओमुळे किंवा अन्य कारणानं पाऊल खाली लोंबत असेल, किंवा कॅलिपरमुळे गुडघा वाकत नसेल, तर आखूडपणाचा तोटा सगळा भरून काढत नाहीत. तो पाय थोडा आखूड राहिला तरच चालताना जमिनीवरून मोकळा पुढे येतो. वाढत्या मुलांत तर फरक बदलत राहतो, म्हणून त्यांची मोजणी अस्थिरोगतज्ज्ञांकडेच ठरावीक काळानं व्हावी.

उंची योग्य आहे की नाही, हे शरीरच सांगतं. पहिल्या आठवड्यात पोटरी किंवा कंबर थोडी दुखणं चालतं. तीन आठवड्यांनीही दुखणं टिकलं, किंवा लांब पायाच्या बाजूच्या खुब्यात नवं दुखणं सुरू झालं, तर काही मिलिमीटर कमी करून पाहा. आपल्याकडे आणखी एक अडचण असते: घरात आपण अनवाणी वावरतो. दिवसातले निम्मे तास उंचीशिवाय जात असतील तर घरातल्या चपलेच्या जोडीलाही तीच उंची लावून घ्यावी.

(पुढील आठवड्यात : सपाट तळवे आणि कमानीचा आधार)