दुसरा आला तरी पैसे: ‘ईच-वे’ बेटचा हिशेब

१० एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडमधल्या एन्ट्री इथे ग्रँड नॅशनल ही शर्यत झाली. रेचल ब्लॅकमोर ही शर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली. तिच्या ‘मिनेला टाइम्स’चा भाव होता ११/१, म्हणजे एका पौंडाला अकरा पौंड नफा. त्याच्यामागे दुसरा आलेला ‘बाल्को दे फ्लो’ मात्र १००/१ भावाचा होता. त्या दिवशी काही लोकांनी हरलेल्या घोड्यावर जिंकलेल्या घोड्यापेक्षा जास्त कमावलं. ते कसं, हे समजलं की ब्रिटनमधली ‘ईच-वे’ बेटिंगची पद्धत समजते.

ईच-वे म्हणजे एका घोड्यावर एकाच वेळी लावलेल्या दोन बेट. पहिली, घोडा पहिला येईल ही, म्हणजे विन. दुसरी, तो पहिल्या काही क्रमांकांत येईल ही, म्हणजे प्लेस. पहिला आलेला घोडा अर्थात प्लेसमध्येही धरला जातो. बेट दोन असल्याने पैसेही दुप्पट लागतात. ‘दहा पौंड ईच-वे’ म्हटलं की खिशातून वीस पौंड जातात, आणि नवख्या माणसाची फसगत पहिल्यांदा इथेच होते. आपल्याकडे महालक्ष्मीला टोटवर विन आणि प्लेस अशी वेगवेगळी तिकिटं मिळतात, पण तिथे प्लेसचा भाव त्या पूलमध्ये जमलेल्या पैशांवरून ठरतो. ब्रिटिश बुकीकडे प्लेसला विनच्या भावाचा ठरावीक हिस्सा मिळतो.

त्या शर्यतीत चाळीस घोडे होते. सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्यांच्या कुवतीप्रमाणे त्यांच्यावर कमीजास्त वजन दिलेल्या शर्यतीत, नेहमीचा नियम असा: पहिले चार क्रमांक, पाव भाव. आता बाल्को दे फ्लोवर दहा पौंड ईच-वे लावलेल्या माणसाचा हिशेब करू. विनचे दहा पौंड गेले. प्लेसचा भाव १०० चा पाव, म्हणजे २५/१. दहा पौंडांवर २५० नफा, शिवाय लावलेले दहा परत; हातात २६० पौंड. मिनेला टाइम्सवाल्याच्या दोन्ही बेट लागल्या. विनचे ११० अधिक १०, म्हणजे १२०. प्लेसला ११ चा पाव, पावणेतीन पट, म्हणजे साडेसत्तावीस अधिक दहा. एकूण १५७ पौंड ५० पेन्स.

अशा मोठ्या शर्यतींना बरेच बुकी चाराऐवजी पाच-सहा क्रमांकांना पैसे देऊ करतात, पण त्या बदल्यात अनेकदा पाव भावाचा पाचवा हिस्सा होतो. पाचव्या हिश्शाने बाल्को दे फ्लोचे २६० चे २१० झाले असते. वाढीव क्रमांक फुकट नसतात, म्हणून जाहिरातीतला क्रमांकांचा आकडा वाचताना शेजारचा अपूर्णांकही वाचावा.

भाव लहान असेल तर चित्र उलटं होतं. पाव हिश्शाच्या नियमात ४/१ भावाचा घोडा नुसता प्लेसमध्ये आला, तर दहाचे वीस होतात आणि लावलेले वीस तेवढे परत मिळतात. त्याहून कमी भावाचा, समजा २/१ चा फेव्हरिट दुसरा आला, तर प्लेसचे पंधरा हातात येतात आणि पाच पौंड खिशातून जातात. पाचव्या हिश्शाला हीच सीमा ५/१ वर येते. माझ्या मते या सीमेच्या आतल्या घोड्यावर ईच-वे लावण्यात फारसा अर्थ नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे आठ घोड्यांची शर्यत. आठ ते अकरा घोडे धावले तर पहिले तीन, पाचवा हिस्सा. पाच ते सात धावले तर फक्त पहिले दोन, मात्र पाव हिस्सा. चार किंवा कमी असतील तर प्लेस नाहीच, सगळे पैसे विनवर धरले जातात. शर्यतीच्या दिवशी लावलेल्या नेहमीच्या बेटला नावं किती दिली होती हे मोजलं जात नाही, प्रत्यक्ष किती घोडे शर्यतीत उतरले ते मोजलं जातं.

समजा, आठांच्या शर्यतीत ६/१ भावाच्या घोड्यावर दहा पौंड ईच-वे लावले आणि तो तिसरा आला. प्लेसला सव्वापट भावाच्या किंचित खाली, ६/५. बारा अधिक दहा, बावीस पौंड. वीसावर दोन पौंड फायदा. पण सुरुवातीच्या आधी एक घोडा बिथरला, तो मागे घेतला गेला आणि सात उरले, तर तिसऱ्या क्रमांकाला काहीच नाही; वीसच्या वीस बुडाले. आठही धावले आणि तिसऱ्या जागेसाठी दोन घोड्यांची बरोबरी झाली, तर प्लेसची अर्धीच रक्कम धरतात: पाच पौंडांवर सहा नफा, एकूण अकरा. घोडा तोच, पळालाही तसाच, पण हाती येणारे पैसे बावीस, अकरा किंवा शून्य.