विंचवाच्या रुग्णाचे हात आधी धरा

(पेण आणि रोह्याच्या वॉर्डात पहिल्या दिवशी रुजू झालेल्या इंटर्न डॉक्टरांसमोर ज्येष्ठ फिजिशियनने केलेलं स्वागताचं भाषण)

 

पहिल्या दिवशी वॉर्डाचे नियम, सह्यांची वही, सुट्ट्या हे सगळं सांगायची पद्धत आहे. ते सिस्टर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी फक्त विंचूदंशाबद्दल बोलणार आहे. पेण आणि रोहा तालुक्यांत भातखाचरं आहेत, कौलारू घरं आहेत, जांभ्याचे बांध आहेत, पेंढ्याच्या उडव्या आहेत आणि डोंगरउतारावर कातकरी-ठाकरांच्या वाड्या आहेत. लाल विंचू तिथेच राहतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि भातकापणीच्या दिवसांत रात्री-अपरात्री विंचूदंशाचा रुग्ण तुमच्यासमोर येईल, आणि बहुतेक वेळा त्याला पहिला हात तुमचा लागेल. त्याच्याबद्दलचे काही समज गावात आहेत, काही आपल्या डॉक्टरांतही आहेत. दुसऱ्या प्रकारचे मला जास्त घातक वाटतात.

गैरसमज: मोठा काळा विंचू जास्त विषारी.

वस्तुस्थिती उलट आहे. मोठ्या, जाड नांग्यांच्या काळ्या विंचवाच्या दंशाने बहुधा आग आणि सूज यांपलीकडे काही होत नाही. आपला लाल विंचू बोटाएवढा, तांबूस-तपकिरी, पुढच्या नांग्या बारीक आणि शेपटी मात्र जाड. नातेवाईक डबीत मेलेला विंचू घेऊन आले तर जरूर पाहा. पण डबी आली नाही म्हणून उपचार थांबवू नका, कारण निदान विंचू पाहून होत नाही, रुग्ण पाहून होतं.

गैरसमज: जो जास्त ओरडतो, तो जास्त गंभीर.

यावर मी जरा थांबणार आहे, कारण रात्री दोन रुग्ण एकदम आले तर तुमची चूक इथेच होईल. एक तरणा गडी पाय धरून वॉर्ड डोक्यावर घेतोय, आणि बाजूच्या बाकावर आईच्या मांडीत एक पोर गप्प पडलंय. घाम आलाय, दोनदा उलटी झालीय. सगळे त्या गड्याकडे धावतात. दंशाच्या जागी मरणाची कळ आहे, टिचकी मारली तरी किंचाळतो, पण हातपाय कोमट आणि कोरडे आहेत, असा रुग्ण बहुधा तरतो. त्याला वेदनाशामक द्या, बर्फाने शेका, बोटाला दंश असेल तर ॲड्रेनलीन नसलेल्या लिग्नोकेनने बोटाचा ब्लॉक द्या आणि रात्रभर नजरेखाली ठेवा. धोका त्या गप्प पोराला आहे.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं आणि त्यामुळे शरीरातलं ॲड्रेनलीन, नॉरॲड्रेनलीन एकदम रक्तात ओतलं जातं. सुरुवातीला उलट्या, लाळ, भरपूर घाम, मुलग्यांत आणि पुरुषांत लिंगाला ताठरता. मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, बीपी चढतो. त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साचतं आणि पोर फेस टाकू लागतं. उलटी, घाम, ताठरता, गार हात ही पहिली चिन्हं आहेत, आणि ती कळ कमी असतानाही येतात. ताठरतेबद्दल आई आपणहून सांगणार नाही, म्हणून संकोच न करता तुम्ही कपडा बाजूला करून पाहायचं.

ही चिन्हं आधी ओळखली तर पुढचं टळतं, हे जगाला आपल्याच जिल्ह्यातून कळलं. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली पोरं फुप्फुसात पाणी होऊन जात होती आणि हातात नेमकं औषध नव्हतं. ते रुग्णाशेजारी बसून राहिले, निरीक्षणं लिहीत गेले, आणि हृदयाच्या धोक्याची ही पूर्वसूचक चिन्हं त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. 1986 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिनबद्दल लिहिलं. रक्तवाहिन्या ज्या अल्फा ग्राहकांमुळे आवळतात, तेच ग्राहक प्राझोसिन अडवतं. त्याआधी गंभीर रुग्णांत चाराला एक, कधी तिघांत एक दगावत असे. प्राझोसिननंतर ते प्रमाण शंभरात एक-दोनावर आलं. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. तुम्ही ज्या टेबलावर बसणार आहात तिथून हे सगळं एस.टी.च्या अंतरावर घडलेलं आहे.

गैरसमज: 'विषारी चावा' म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, ॲव्हिल, ॲट्रोपिन ठोकून द्यायचं.

अजूनही रुग्णासोबत येणाऱ्या चिठ्ठीवर हे तिन्ही दिसतात. विंचूदंश ही ॲलर्जी नाही, म्हणून पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही. ॲट्रोपिनने घाम आणि लाळ आटते, पण ॲड्रेनलीनच्या लोंढ्यात धावणारी नाडी आणखी धावते, आधीच दमलेल्या हृदयावर ओझं वाढतं. आलेली चिठ्ठी काळजीपूर्वक वाचा. ॲट्रोपिन दिलं असेल तर कोरडी त्वचा 'सुधारणा' म्हणून धरू नका.

मग करायचं काय? एक केस धरून चालू. रोह्याच्या वरच्या वाडीतला सहा वर्षांचा मुलगा, वजन 16 किलो. संध्याकाळी 7 ला लाकडं काढताना दंश झाला. जीप मिळेपर्यंत सव्वादहा वाजले. तीन उलट्या, कपाळावर घाम, तळहात गार, ताठरता, नाडी 130, बीपी 130/94. या वयाला हा बीपी खूप जास्त आहे. फुप्फुसं अजून स्वच्छ आहेत.

त्याला झोपवा. प्राझोसिन किलोला 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 480, म्हणजे 1 मिलीग्रॅमच्या साध्या गोळीचा अर्धा भाग, चुरून पाण्यातून. मोठ्या माणसालाही सुरुवात 500 मायक्रोग्रॅमनेच होते, म्हणून जड मुलात किलोच्या हिशोबाने त्यापुढे जाऊ नका. गोळी साधीच हवी. हळूहळू सुटणारी, बीपीसाठी मिळणारी गोळी इथे चालत नाही, चुरून तर मुळीच नाही. उलटीत औषध पडलं तर पुन्हा द्या, गिळत नसेल तर नाकातल्या नळीतून द्या. घाम आणि उलट्यांनी पोर सुकलेलं असतं, म्हणून तोंडाने जलसंजीवनी घोट घोट. बाटल्यांमागून बाटल्या सलाईन मात्र नको, ते पाणी शेवटी फुप्फुसात उतरतं. दर अर्ध्या तासाला नाडी, बीपी, श्वास मोजा, पाठीमागे खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवा, आणि हात धरून पाहा.

पहिल्या मात्रेनंतर आईला एक गोष्ट समजावून सांगायची आणि पुन्हा सांगायची: पोर रडलं तरी खांद्यावर उभं घ्यायचं नाही. प्राझोसिननंतर एकदम उभं केलं की बीपी कोसळतो. बाजूला झोपून कुशीत घ्या म्हणा. तीन तासांनी, दीड वाजता, हात अजून गार असतील तर दुसरी मात्रा. हातपाय कोमट आणि कोरडे होईपर्यंत हेच चालू ठेवा.

गैरसमज: बीपी उतरला म्हणजे धोका टळला.

पहाटे तुम्हाला 130 च्या जागी 86 मिळेल आणि बरं वाटेल. हात धरा. कोमट असेल तर औषध लागू पडलंय. हात गारच आहे, नाडी बारीक धावतेय, पोर खोकायला लागलंय, श्वास 40 च्या पुढे गेलाय, तर हृदय हरत चाललंय. आता उशी लावून अर्धवट बसवा, ऑक्सिजन द्या, मला उठवा. डोब्युटामिन, बीपी साथ देत असेल तर नायट्रोग्लिसरीन, मास्कने दाबाचा श्वास, हे वेळेत सुरू व्हावं लागतं. अलिबागला किंवा नवी मुंबईला पाठवायचं ठरलं, तर फोन करून, कोणतं औषध किती वाजता दिलं ते लिहून आणि ऑक्सिजनसह पाठवा. रिकाम्या चिठ्ठीसह पाठवलेलं पोर वाटेत कुणाचंच नसतं.

गैरसमज: मग सगळ्यांनाच आधीपासून प्राझोसिन देऊन टाकू.

नको. नुसती कळ असलेल्याला त्याचा फायदा नाही आणि बीपी पडण्याचा त्रास मात्र होतो. चिन्हं दिसली की लगेच, चिन्हांआधी नाही.

गैरसमज: प्रतिविष आलं, आता प्राझोसिन जुनं झालं.

महाडला 70 रुग्णांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये 'बीएमजे'त आला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन दिलेल्यांत 35 पैकी 8. म्हणजे प्रतिविष उपयोगी आहे, आणि ते प्राझोसिनच्या जोडीने उपयोगी आहे. फ्रिजमध्ये असेल तर लवकर द्या, रिॲक्शनसाठी ॲड्रेनलीन भरून शेजारी ठेवा. नसेल तर शोधाशोधीत अर्धी गोळी द्यायची राहू देऊ नका. उशीर जितका जास्त, तितका प्रतिविषाचा उपयोग कमी.

गैरसमज: भगताकडे जाणारे लोक अडाणी.

हा तुमच्या मनात असेल म्हणून बोलतो. बहुतेक दंश नुसत्या कळेचे असतात आणि ती कळ एका दिवसात आपोआप ओसरते. वाडीतल्या माणसाने मंत्रानंतर उतरलेली कळ अनेकदा डोळ्यांनी पाहिलेली असते. रात्री गाडी मिळत नाही आणि भगत शेजारी राहतो. तुम्ही रागावलात तर ते दंशाची वेळ खोटी सांगतील आणि पाजलेला पाला लपवतील, आणि तुमचा सगळा हिशोब वेळेवर चालतो. म्हणून शांतपणे विचारा: किती वाजता चावला, उलटी कधी सुरू झाली, काय पाजलंत, काय लावलंत? घट्ट बांधलेली दोरी असेल तर सोडा, चिरा दिला असेल तर धुऊन धनुर्वाताची सुई द्या. आणि पोर बरं होऊन निघालं की भगतालाच निरोप पाठवा: तुझ्याकडे आलेल्याला घाम किंवा उलटी असली तर थांबवू नकोस, गाडीत घाल. आमच्या शंभर पोस्टरांपेक्षा त्याचा शब्द वाडीत जास्त चालतो.

आता राउंडला निघू. एक काम मात्र आजच करा. ज्यांची आज रात्रपाळी आहे, त्यांनी सिस्टरांसोबत इमर्जन्सी ट्रे उघडून 1 मिलीग्रॅमच्या साध्या प्राझोसिनच्या गोळ्या किती आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते ते पाहून वहीत लिहा. दहापेक्षा कमी असतील तर अंधार पडायच्या आत स्टोअरमधून मागवून घ्या.