दहावी माळ कोणाच्या घरी?

2025 च्या नवरात्रात यूट्यूबवरच्या कित्येक छोट्या भक्ती-चॅनेलांचा हिशोब चुकला असणार. नऊ दिवस, नऊ भाग, रोज पहाटे एक, असं वेळापत्रक घटस्थापनेच्या आधीच लावून ठेवायची पद्धत असते. त्या वर्षी 22 सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला 2 ऑक्टोबरला. मध्ये तृतीयेची वृद्धी झाली होती. 24 आणि 25 सप्टेंबर, दोन्ही दिवशी सूर्योदयाला तृतीयाच होती. ज्यांनी आठवा भाग ‘अष्टमी’ म्हणून 29 तारखेला लावला, त्यांची अष्टमी एक दिवस आधीच उगवली. खरी अष्टमी 30 सप्टेंबरला होती, आणि नवमीला, 1 ऑक्टोबरला, त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.

एकट्या चॅनेलची ही चूक असली तर दुरुस्त होते. दोन चॅनेलांनी मिळून मालिका करायची ठरवली असेल, तर या एका वाढलेल्या दिवसावरून ‘आज टाकायचं कोणी’ हा प्रश्न उभा राहतो. अशी जोडमालिका नीट कशी लावावी, ते एका कल्पित जोडीवरून पाहू. जोडी कल्पित असली तरी तिच्या अडचणी खऱ्या आहेत.

सांगलीकडचं एक महिला भजनी मंडळ आहे. चॅनेलला 640 सबस्क्राइबर. जोगवा, आरत्या, गवळणी, गळे कसलेले. दुसरीकडे लातूरजवळचे एक कीर्तनकार बुवा. त्यांच्याकडे 1,150 सबस्क्राइबर आणि बोलण्याची हातोटी. बुवांच्या कथेला गाणं हवं, मंडळाच्या गाण्याला कथा हवी. साडेतीन शक्तिपीठं म्हणजे कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणी. यांवर मिळून मालिका करू, असं फोनवर ठरतं. पहिला प्रश्न मंडळाच्या काकू विचारतात, “बुवा, व्हिडिओ दोघांच्या चॅनेलवर टाकायचा ना?”

इथेच थांबायला हवं. तीच फाइल दोन्हीकडे चढवली तर प्रेक्षक दोन तुकड्यांत विभागले जातात. शिवाय पैशाच्या परवानगीसाठी चॅनेल तपासताना दुसरीकडे आधीच असलेला व्हिडिओ ‘पुन्हा वापरलेला मजकूर’ ठरू शकतो आणि अर्ज अडकतो. म्हणून प्रत्येक भाग एकाच घरी राहायचा. यूट्यूबवर आता एका व्हिडिओला दुसरं चॅनेल सहयोगी म्हणून जोडता येतं. ती सोय दिसत असेल तर जरूर वापरावी. पण तरीही जाहिरातीचे पैसे ज्याने अपलोड केलं त्यालाच जातात. नाव दोघांचं असलं तरी सातबारा एकाचाच.

मग वाटणी कशी करायची? त्यासाठी कोणाला काय कमी पडतंय ते पाहावं लागतं. जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला 1,000 सबस्क्राइबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं गेलेलं असणं लागतं (किंवा शॉर्ट्सचा वेगळा, खूप मोठा आकडा). बुवांचे सबस्क्राइबर पुरेसे आहेत, पण तास आहेत 2,600. मंडळाचे तास अगदीच थोडे, आणि सबस्क्राइबर 360 कमी. म्हणजे बुवांना तास हवेत आणि मंडळाला माणसं हवीत. मागणी वेगळी असल्यामुळेच ही जोडी जमू शकते.

तासांचा अंदाज साधा आहे. भाग 12 मिनिटांचा, तो 1,500 जणांनी उघडला आणि सरासरी 4 मिनिटं पाहिला, तर 6,000 मिनिटं, म्हणजे 100 तास झाले. बुवांच्या चॅनेलवर पाच भाग आले तर 500 तासांची भर पडेल आणि ते 3,100 वर जातील. एका मालिकेत 4,000 गाठले जाणार नाहीत, हे बुवांना आधीच कळलेलं बरं. नाहीतर दसऱ्याला उगाच रुसवा. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेली मिनिटं या तासांत धरत नाहीत, आणि व्हिडिओ पुढे काढून टाकला किंवा खाजगी केला तर त्याचे तासही हिशोबातून जातात. म्हणून ‘मालिकेचे भाग किमान वर्षभर काढायचे नाहीत’ ही ओळ ठरावात हवीच.

मंडळाला माणसं मिळतील ती बुवांच्या भागांतून. बुवांच्या चॅनेलवर काकूंचा आवाज ऐकून जो प्रेक्षक थबकेल, त्याला मंडळाच्या दारापर्यंत नेणारी वाट तिथेच, बोटाखाली हवी. श्रेयाचा खरा मुद्दा हा आहे. शेवटी ‘विशेष आभार’ असं लिहून तो सुटत नाही. श्रेय चार जागी लागतं. एक, सुरुवातीच्या वीस सेकंदांत बुवांनी तोंडाने मंडळाचं नाव घ्यायचं, कारण बरेच लोक फोन खिशात ठेवून ऐकतात. दोन, गाणं सुरू होताना पडद्यावर खाली नावाची पट्टी, किमान पाच सेकंद, पुरेशा मोठ्या अक्षरांत. तीन, डिस्क्रिप्शनमध्ये दुसऱ्या चॅनेलचा @ पत्ता, जो दाबला की तिथे पोचता येतं. चार, शेवटच्या एंड स्क्रीनवर दुसऱ्याचं चॅनेल. ही एंड स्क्रीन 5 ते 20 सेकंदांची असते. त्यामुळे आरती संपली की लगेच व्हिडिओ तोडायचा नाही. शेवटी टाळांचा नाद आणि समईचं दृश्य पंधरा सेकंद सोडायचं, म्हणजे चौकट देवीच्या चेहऱ्यावर येत नाही.

डिस्क्रिप्शनमध्ये वेळांची यादी दिली तर व्हिडिओचे भाग पडतात आणि कोणाचं काय ते एका नजरेत कळतं. यादी 0:00 पासून सुरू व्हावी लागते आणि किमान तीन ओळी लागतात:

```
0:00 आजची माळ
0:25 निरूपण: बुवा
6:30 जोगवा: भजनी मंडळ
10:50 आरती: दोघे मिळून
```

काकूंच्या भागांत हेच उलट करायचं. तिथे बुवांचं नाव आधी, आणि पहिल्या, पिन केलेल्या कमेंटमध्ये बुवांच्या कालच्या भागाचा दुवा, म्हणजे पाहणारे त्यांचे तास वाढवतील. पहिल्या पडद्यावर दिलेलं श्रेय दुसऱ्या पडद्यावर त्याच मापाने परत यायला हवं.

आता दिवस. सोपा मार्ग म्हणजे एक आड एक: पहिली माळ बुवांची, दुसरी मंडळाची. पण तारखेला घर बांधलं की तृतीयेसारखी वृद्धी आली की सगळं सरकतं आणि अष्टमी कोणाची यावरून बोलाचाली होते. म्हणून घर तारखेला नाही, विषयाला बांधायचं. अष्टमीच्या रात्री कोल्हापुरात अंबाबाईची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते. तो भाग मंडळाचा, कारण त्यांचं घर त्या बाजूचं आणि चित्रणही तेच करणार. तुळजाभवानीच्या नवरात्राआधीच्या मंचकी निद्रेपासून कथा सुरू होते, ती बुवांची. असे आठ भाग विषयाने पक्के करायचे आणि दोन हाताशी राखीव ठेवायचे. नवरात्र नेहमीसारखं नऊ दिवसांचं असेल तर एक राखीव भाग नवव्या दिवसाला आणि दुसरा दसऱ्याला लागतो. तिथीचा क्षय होऊन दिवस आठच झाले तर दोन्हींपैकी एक कोजागरीला जातो. 2025 सारखी वृद्धी आली तर दोन्ही राखीव नवरात्रातच लागतात, आणि दसऱ्याला दोघांनी मिळून लाइव्ह आरती करायची, ती ज्याच्या वाट्याला भाग कमी आले त्याच्या घरी. पंचांग ऑगस्टमध्येच पाहून ठेवलं तर हे सगळं एका कागदावर बसतं.

ज्याचा दिवस नाही त्याने त्या दिवशी गप्प बसायचं नसतं, पण मोठा भागही टाकायचा नाही. त्याने चाळीस सेकंदांचा शॉर्ट टाकावा, फक्त जोगव्याची एक ओळ. एक खोच इथे अनेकांना कळत नाही. शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमधला दुवा 2023 पासून दाबता येत नाही. म्हणून पूर्ण भागाचा दुवा चॅनेलवरच्या पोस्टमध्ये द्यायचा, आणि मालिकेची प्लेलिस्ट दोघांनी आपापल्या चॅनेलवर, त्याच क्रमाने, दुसऱ्याचे भाग घेऊन बनवायची. प्लेलिस्टमध्ये दुसऱ्याचा व्हिडिओ ठेवता येतो. पाहणारा कुठूनही शिरला तरी माळेचा क्रम तुटत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची आहे, कारण ती गोड दिसते. मंडळाला एखादा अभंग गायचा आहे. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले, त्यांवर कोणाचा हक्क नाही. पण आपण सगळे ज्या चालीत तो गातो, ती बऱ्याचदा कॅसेटमधून कानात बसलेली असते. लता मंगेशकरांच्या आवाजातल्या तुकोबांच्या अभंगांना श्रीनिवास खळ्यांनी चाली दिल्या. खळे 2011 मध्ये गेले. आपल्याकडे संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे 2071 संपेपर्यंत. चाल गायली मंडळाने, पण भाग बुवांच्या चॅनेलवर असेल तर दावा येतो बुवांवर. नुसता दावा असेल तर उत्पन्न दुसरीकडे वळतं. हक्कदाराने व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक बसतो, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. गाणाऱ्याच्या चुकीचा दंड घरमालकाने भरावा, असा हा मामला.

उपाय घरातलाच आहे. आजीकडून आलेली, गावच्या गोंधळात ऐकलेली चाल घ्यावी. संबळ आणि तुणतुणं स्वतः वाजवावं, विकतचा ट्रॅक मागे लावू नये. आणि प्रत्येक भाग तीन दिवस आधी खाजगी म्हणून अपलोड करावा. स्टुडिओत अपलोड करतानाच ‘तपासण्या’ चा टप्पा येतो, तिथे हक्काचा दावा असेल तर दिसतो. दावा आला तर चाल बदलून पुन्हा गायला तीन दिवस पुरतात. पहाटे पाचला, भाग लागायच्या वेळी कळलं तर काही करता येत नाही.

असा ठराव फार लांब नसतो. एका पानावर बसतो: कोणता भाग कोणाच्या घरी, श्रेय कोणत्या चार जागी, मूळ चित्रण दोघांकडे असेल पण दुसऱ्याच्या आवाजाचा तुकडा या मालिकेबाहेर विचारल्याशिवाय वापरायचा नाही, उत्पन्न ज्याच्या घरी भाग त्याचं, आणि राखीव दोन भाग कोणत्या तिथीला. खाली दोघांच्या सह्या, आणि त्याचा फोटो दोघांच्या व्हॉट्सअॅपवर. बुवा म्हणतील, “काकू, देवीच्या कामाला कशाला हो लिखापढी?” त्यावर काकूंनी फक्त 2025 चं पंचांग उघडून त्यांच्यापुढे ठेवावं, दोन तृतीयांवर बोट ठेवून.