चित्राभोवती वळलेली ओळ सरळ कशी लिहावी?

आमच्या वर्गातल्या एका मुलीची नजर कमजोर आहे. तिची अम्मी गोष्टीच्या पानाचा फोटो काढते, फोनमधून मजकूर उचलते आणि मोठ्या अक्षरांत छापून देते. एकदा मुलीने विचारले, "टीचर, बकरी हळूहळू कशी घसरली? चित्रात तर धाडकन खाली येतेय!" पुस्तक पाहिल्यावर चूक कळली.

पानावर टेकडी होती. डाव्या पायथ्यापासून शेंड्यावरून उजव्या पायथ्यापर्यंत शब्द कमानीसारखे लिहिले होते: बकरी हळूहळू टेकडी चढून पलीकडे घसरली. फोनने पानाच्या आडव्या पट्ट्या पाडून वरून खाली वाचले. पहिल्या पट्टीत 'टेकडी चढून', दुसरीत 'हळूहळू पलीकडे', तिसरीत 'बकरी घसरली'. शब्द सहाच्या सहा आले, वाक्यही बरे वाटले, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण चढण्यातला 'हळूहळू' घसरण्याला जाऊन चिकटला.

अशा पानावर आधी वाक्याचे शेवटचे टोक शोधावे. मराठीत पूर्णविराम जिथे आहे तो शेवट, दुसरे टोक सुरुवात. मग शिरोरेषेवर बोट ठेवून सरकायचे. शिरोरेषा ज्या बाजूला झुकते, पुढचा शब्द तिकडेच असतो, मग तो वर असो की खाली. वाटेत बोट उचलायचे नाही. पुस्तक मराठी-उर्दू असेल तर दोन्ही ओळी वेगवेगळ्या तपासा. उर्दूची तीच कमान उजव्या पायथ्यापासून सुरू होते आणि छोटी आडवी रेघ डाव्या टोकाला मिळते.

दुसरी अडचण लहान-मोठ्या अक्षरांची. त्याच पानावर खाली होते: आणि ती धपाक् करून गवतात पडली. यातला 'धपाक्' चौपट मोठा. फोनने त्याला मथळा समजून सर्वांत वर नेले आणि खाली उरले, 'आणि ती करून गवतात पडली'. 'करून'च्या आधी काहीतरी गळलेय हे वाचताच कानाला खटकते. अक्षराचा आकार आवाज किती चढवायचा ते सांगतो, क्रम सांगत नाही. शब्द वाक्यात जागेवरच ठेवावा, हवे तर ठळक करावा. पण चित्रातल्या दुकानाची पाटी गोष्टीच्या वाक्यात मिसळू नये. ती शेवटी 'चित्रातील पाटी' म्हणून वेगळी लिहावी.

कधी शब्द चाकाभोवती पूर्ण गोल फिरतात आणि पूर्णविरामच नसतो. तिथे अर्थ लागेल त्या शब्दापासून सुरू करावे आणि कंसात 'गोल लिहिले आहे' असे नोंदवावे.

शेवटी शब्द मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. मोजणीने गळलेला शब्द सापडतो, जागा बदललेला नाही. त्यासाठी एकाने कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवावे. बोटाला उडी मारावी लागली की चूक तिथेच आहे.