दोन झरे, एक बाजार

एखाद्या मालाचा विक्रेता एकटाच असेल तर तो माल हात राखून बाजारात आणतो आणि भाव चढा ठेवतो. विक्रेते शेकडो असतील तर भाव उतरत उतरत खर्चाला टेकतो. या दोन टोकांविषयी फारसा वाद नाही. पण विक्रेते नेमके दोनच असतील, तर भाव कुठे स्थिरावेल? संगनमत करून दोघे मक्तेदारासारखे वागतील, की एकमेकांना मागे टाकण्याच्या नादात भाव पाडून बसतील?

या प्रश्नाला पहिले नेमके उत्तर दिले ते आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने, १८३८ साली. अर्थशास्त्रात बीजगणित आणि कलनशास्त्र आणणारे त्याचे पुस्तक त्या काळी जवळजवळ कुणी वाचले नाही. त्यातले दोन झऱ्यांचे उदाहरण मात्र आज अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते. विक्रेते दोनच असलेल्या अशा बाजाराला आपल्या पाठ्यपुस्तकांत द्वयाधिकार म्हणतात.

कूर्नोचे उदाहरण असे. खनिज पाण्याचे दोन झरे आहेत आणि त्यांचे मालक वेगवेगळे आहेत. पाणी गुणाला सारखे आहे आणि ते आपोआप वाहत असल्यामुळे काढायला खर्च नाही. आज आपण किती पाणी बाजारात न्यायचे, एवढेच प्रत्येक मालक ठरवतो. दुसरा किती आणणार हे त्याला ठाऊक नसते. दोघांचे पाणी एकत्र आले की ते सगळे ज्या भावाला खपेल तो त्या दिवसाचा भाव.

आता यात आकडे घालू. ते माझे आहेत, विचार कूर्नोचा. समजा, बाजारात एकच बाटली आली तर ती ११९ सांतीमला जाते. (शंभर सांतीमचा एक फ्रँक.) पुढे प्रत्येक वाढीव बाटलीमागे भाव एक सांतीमने उतरतो. म्हणजे १२० मधून एकूण बाटल्या वजा केल्या की भाव मिळतो. १२० बाटल्या आल्या तर पाणी फुकट.

आधी दोन्ही झरे एकाच मालकाचे आहेत असे धरू. तो ६० बाटल्या विकेल. भाव ६० सांतीम, कमाई ३,६००. त्याने ५० किंवा ७० बाटल्या विकून पाहिल्या तरी हाती ३,५०० च येतात. ही झाली मक्तेदारी. दुसऱ्या टोकाला पूर्ण स्पर्धा आहे. तिथे असंख्य विक्रेते असतात, खर्च शून्य असल्याने भावही शून्यावर येतो आणि १२० बाटल्या खपतात.

आता मालक दोन. पहिल्याने मनाशी धरले की दुसरा ३० बाटल्या आणणार. मग त्याच्या वाट्याला जो बाजार उरतो त्यात भाव ९० पासून खाली यायला लागतो, आणि उरलेल्या बाजाराचा तो जणू मक्तेदार असतो. म्हणून त्याला ४५ बाटल्या आणणे सर्वांत फायद्याचे ठरते. दुसरा ६० आणणार असेल तर पहिल्याला ३० परवडतात. दुसरा काहीच आणणार नसेल तर ६०. नियम सोपा आहे: दुसऱ्याच्या बाटल्यांची निम्मी संख्या साठातून वजा करा. यालाच प्रतिक्रिया फलन म्हणतात. दुसऱ्याच्या प्रत्येक संभाव्य निर्णयाला आपले सर्वांत फायदेशीर उत्तर कोणते, याची ती यादीच असते. दुसऱ्या मालकाचीही अशीच यादी असते. आलेखावर या दोन तिरप्या रेषा होतात आणि त्या एका बिंदूत छेदतात.

तो बिंदू म्हणजे प्रत्येकी ४० बाटल्या. दुसरा ४० आणत असेल तर साठातून वीस गेले, पहिल्यालाही ४० च योग्य. एकूण ८० बाटल्या, भाव ४० सांतीम, प्रत्येकाची कमाई १,६००. संध्याकाळी दुसऱ्याचा आकडा कळल्यावरही ‘मी वेगळे करायला हवे होते’ असे दोघांपैकी कुणालाच वाटत नाही. या अवस्थेला कूर्नो समतोल म्हणतात. शंभरहून अधिक वर्षांनी, १९५०-५१ मध्ये, जॉन नॅशने हीच कल्पना कितीही खेळाडूंच्या कोणत्याही डावाला लागू होईल अशी मांडली.

या बिंदूपर्यंत बाजार कसा पोहोचतो, हे कूर्नोने पायरी पायरीने सांगितले होते. एकाने ६० आणले की दुसरा ३० आणतो, त्यावर पहिला ४५ वर येतो, मग दुसरा साडेसदतीसवर, पहिला सव्वाएक्केचाळीसवर, आणि असे करत दोघे चाळिसाजवळ येतात. हे वर्णन समजायला सोपे असले तरी त्यात एक उणीव आहे. समोरचा बदलणार नाही असे प्रत्येक जण दर वेळी धरतो आणि दर वेळी त्याचा अंदाज चुकतो, तरी तो शहाणा होत नाही. म्हणून आज समतोलाचा अर्थ पायऱ्यांनी लावत नाहीत. निर्णय एकाच वेळी घ्यायचा आहे, दोघेही दोन्ही याद्या जाणतात, आणि दोघांचे अंदाज एकमेकांशी जुळतील असा आकडा एकच आहे, एवढे त्याला पुरते.

तर तीन परिस्थितींत तीन उत्तरे आली: मक्तेदारीत ६० बाटल्या, द्वयाधिकारात ८०, पूर्ण स्पर्धेत १२०. भाव अनुक्रमे ६०, ४० आणि शून्य. मागणीची रेषा सरळ असेल आणि प्रत्येक बाटलीमागचा खर्च दोघांना सारखाच पडत असेल, तर खर्च कितीही असला तरी हे प्रमाण टिकते. मक्तेदार स्पर्धेतल्या उत्पादनाच्या निम्मे काढतो, दोघे मिळून दोन-तृतीयांश.

पण दोघे मधेच का थांबतात? समजा, दोघांनी ठरवून प्रत्येकी ३० बाटल्या आणल्या. भाव ६०, प्रत्येकी कमाई १,८००. चाळीस-चाळीसपेक्षा दोघांचेही भले. आता पहिल्याने गुपचूप एकतिसावी बाटली आणली. भाव ५९ वर आला. त्याची कमाई ३१ गुणिले ५९, म्हणजे १,८२९. त्याला २९ सांतीम सुटले. दुसऱ्याच्या तीस बाटल्या मात्र ५९ ने गेल्या आणि त्याला ३० सांतीमचा खड्डा पडला. दोघांची मिळून कमाई एका सांतीमने घटली, पण ते नुकसान पहिल्याच्या हिशेबात येतच नाही.

सगळे मर्म इथे आहे. वाढीव बाटलीमुळे भाव उतरतो तो सगळ्याच बाटल्यांवर. मक्तेदाराला ते पूर्ण नुकसान स्वतःच सोसावे लागते, म्हणून तो लवकर हात आखडतो. दोघांपैकी प्रत्येक जण त्यातले फक्त आपल्या वाट्याचे मोजतो, म्हणून तो पुढे जातो. शेकडो विक्रेत्यांतल्या एकाचा वाटा इतका क्षुल्लक असतो की तो भावाच्या उतरणीचा विचारच करत नाही. विक्रेते तीन झाले तर आपल्या उदाहरणात एकूण बाटल्या ९० होतात आणि भाव ३०. नऊ झाले तर १०८ आणि १२. स्पर्धा आणि मक्तेदारी हे दोन निराळे प्रदेश नसून एकाच वाटेची दोन टोके आहेत, हे कूर्नोने असे दाखवून दिले.

त्याच गणितातून संगनमत का टिकत नाही तेही कळते. समोरचा तीसला चिकटून राहणार असेल, तर पहिल्याला ४५ बाटल्या आणून २,०२५ मिळवता येतात आणि दुसऱ्याचे १,३५० वर येतात. हा मोह दोघांनाही सारखाच असतो. म्हणून कराराचे बंधन नसेल तर मालक मक्तेदारीच्या आकड्यावर टिकणार नाहीत, असे कूर्नोने स्पष्ट लिहिले होते.

असे तुटणे प्रत्यक्षात कसे दिसते, ते २०१३ साली पोटॅशच्या बाजारात दिसले. भारत आपल्या गरजेचे जवळजवळ सगळे पोटॅश आयात करतो. ऊस, केळी, द्राक्ष पिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हाती पडणारे म्युरिएट ऑफ पोटॅशचे पोते परदेशातूनच येते. त्या काळी जागतिक निर्यातीचा मोठा हिस्सा दोन विक्री-संघांकडे होता: कॅनडाच्या खाणींचा ‘कॅनपोटेक्स’, आणि रशियाची उरालकाली व बेलारूसची बेलारूसकाली यांची सामाईक कंपनी. डिसेंबर २०१२ मध्ये बेलारूस सरकारने आपल्या कंपनीला स्वतंत्रपणे माल विकायची मुभा दिली. भागीदार बाहेरून माल खपवतो आहे असे म्हणत ३० जुलै २०१३ ला उरालकाली संघातून बाहेर पडली आणि यापुढे भाव राखण्याऐवजी खाणी पूर्ण क्षमतेने चालवू, असे तिने जाहीर केले. चीनने २०१३ च्या सुरुवातीला टनाला ४०० डॉलरने केलेला करार जानेवारी २०१४ मध्ये ३०५ वर आला. सगळी घसरण या फुटीमुळेच झाली असे नाही, कारण रुपया पडल्याने भारताची मागणीही मंदावली होती. पण घटनांचा क्रम एकतिसाव्या बाटलीचाच आहे: कुणीतरी ठरल्यापेक्षा जास्त विकतो, दुसऱ्याला ते कळते आणि तोही हात मोकळा सोडतो.

कूर्नोच्या मांडणीवर सर्वांत गाजलेला आक्षेप १८८३ साली जोसेफ बर्त्रां या फ्रेंच गणितज्ञाने घेतला. विक्रेते प्रमाण कशाला ठरवतील, ते भाव ठरवतील, असे त्याचे म्हणणे. माल सारखाच असेल तर एक सांतीम स्वस्त देणाऱ्याकडे सगळे गिऱ्हाईक वळेल, मग दुसरा आणखी उतरेल, आणि दोनच विक्रेते असूनही भाव खर्चावर येऊन पडेल. आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात एक गृहीत दडले आहे: स्वस्त देणारा सगळ्या गिऱ्हाइकांना हवा तेवढा माल लगेच पुरवू शकतो. खाण खणायला, सिमेंटची भट्टी किंवा वीजकेंद्र उभारायला वर्षे लागतात आणि एकदा क्षमता ठरली की ती रातोरात वाढत नाही. १९८३ मध्ये डेव्हिड क्रेप्स आणि जोसे शाइंकमन यांनी सिद्ध केले की आधी क्षमता ठरवायची आणि नंतर भावावर झुंजायचे असे दोन टप्पे असले, तर काही अटींखाली शेवटी कूर्नोचाच आकडा येतो. म्हणून कोणत्याही दोन कंपन्यांच्या बाजाराकडे पाहताना आधी विचारावे की माल किती, हे आगाऊ आणि न बदलता येईल असे ठरते का. उत्तर होकारार्थी असेल तर कूर्नोचे गणित उपयोगी पडते. सॉफ्टवेअरसारख्या, एका प्रतीच्या लाख प्रती क्षणात होणाऱ्या मालाला ते लावता येत नाही.

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात प्रतिस्पर्ध्यांनी भाव ठरवून घेणे आणि उत्पादन किंवा पुरवठा ठरवून मर्यादित ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच पंक्तीत बसवल्या आहेत. दोन झऱ्यांच्या हिशेबात याचे कारण सापडते. मालकांनी भावाचा शब्दही न काढता प्रत्येकी दहा बाटल्या कमी आणायचे ठरवले, तर भाव ४० वरून आपसूक ६० होतो. दोन्ही झरे एकाने विकत घेतले तरी गिऱ्हाइकाच्या पदरी तेच पडते, आणि तेव्हा तर मोडायला करारही उरत नाही.