गटाचं सादरीकरण: मिनिटं कशी वाटावीत?

पाच जणांना दहा मिनिटं मिळाली की प्रत्येकी दोन मिनिटं वाटून मोकळे होतात. पण विहिरींच्या पाण्याचा प्रकल्प असेल, तर नमुने आणणं, टीडीएस मोजणं, स्लाइड बनवणं हीसुद्धा कामंच आहेत. म्हणून कोणी काय केलं ते आधी कागदावर लिहा, मिनिटं नंतर ठरवा.

बोलायला घाबरणाऱ्या मुलीला बहुतेक गट शेवटचं आभारप्रदर्शन देतात. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण त्यात तिचं काम दिसतच नाही. तिने स्वतः मोजलेल्या टीडीएसचा तक्ता तिला द्या: एकच स्लाइड, दीड मिनिट, क्रम मधला. आकडे समोर असतात आणि ते कसे आले हे तिला पक्कं ठाऊक असतं. धीट मुलाने सुरुवात करावी, अडीच मिनिटं घ्यावीत. पण तक्त्यावर प्रश्न आला तर उत्तर तिला देऊ द्यावं. उरलेल्या तिघांना दोन-दोन मिनिटं पुरतात.

तालीम घड्याळ लावूनच करा. कोणी अडीचची चार मिनिटं केली, तर फटका शेवटी बोलणाऱ्याला बसतो. तेव्हा काटछाट लांबवणाऱ्याच्याच भागात व्हावी. आणि सगळ्यांनी बोलणं सक्तीचं आहे का, हे सरांना किंवा मॅडमना आधीच विचारून घ्या.