मातीकामाच्या नव्या बॅचचा आवाजी निरोप

मातीकामाच्या वर्गाची नवी बॅच सुरू होते, तेव्हा सोसायटीच्या किंवा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो व्हॉइस नोट जातो, तो आधी कागदावर लिहून मग वाचलेला बरा. मनाने बोललेला निरोप हमखास दोन-तीन मिनिटं लांबतो आणि त्यात एखादी तारीख राहून जाते. सावकाश बोललं तर मिनिटात शंभर ते सव्वाशे मराठी शब्द बसतात. ऐकणारा एखादा मिनिट देतो, म्हणून मजकूर तेवढाच हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय आहे आणि बरेच जण ती वापरतात. त्या वेगात लांब वाक्यं एकमेकांत मिसळतात, सुटी छोटी वाक्यं मात्र तग धरतात.

या निरोपात सगळ्यात जास्त चुकतं ते वेळापत्रक. योगासनं किंवा चित्रकलेच्या वर्गाला वार आणि वेळ सांगितली की काम भागतं. मातीकामाचं तसं नाही. पहिल्या दिवशी वळलेली वाटी त्याच दिवशी घरी नेता येईल, अशी नवख्याची समजूत असते. प्रत्यक्षात ती हातात पडायला महिना-दीड महिना लागतो. हे निरोपात सांगितलेलं नसलं तर दुसऱ्या रविवारपासूनच ‘माझं भांडं कधी मिळणार’ अशी विचारणा सुरू होते.

हा वेळ कुठे जातो ते लिहिणाऱ्याला नीट ठाऊक असावं लागतं. चाकावरून उतरवलेलं भांडं ओलं आणि लिबलिबीत असतं. ते थोडं सुकून चामड्याइतकं घट्ट झालं, की उलटं ठेवून त्याचा बुडाचा जाड भाग कोरून काढतात. याला वर्गात ट्रिमिंग म्हणतात. या अवस्थेच्या आधी कोरलं तर भांडं बसतं, फार वाळल्यावर कोरलं तर कडा तुटतात. वर्ग आठवड्यातून एकदाच भरत असेल तर भांडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच अवस्थेत धरून ठेवावी लागतात. म्हणजे जो माणूस चाकाच्या पुढचा रविवार चुकवतो, त्याचं भांडं अर्धवटच राहतं. निरोपात हे एक वाक्य हवंच.

त्यानंतर भांडं पूर्ण वाळायला हवं. आत ओल राहिली आणि भांडं भट्टीत गेलं, तर शंभर अंशांच्या आसपास पाण्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही, तर भांडं फुटतं आणि शेजारच्या भांड्यांनाही इजा करतं. भांडं वाळलं की नाही हे गालाला लावून ओळखतात. गार लागलं तर आत ओल आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत आठवडाभरात वाळणारी वाटी जुलैच्या पावसात दोन आठवडेही घेते. म्हणून पावसाळ्यातल्या बॅचच्या तारखा हिवाळ्यातल्या निरोपावरून उचलता येत नाहीत.

वाळलेलं भांडं साधारण नऊशे ते हजार अंशांवर एकदा भाजतात. मग त्यावर ग्लेझ लावून पुन्हा भाजतात. स्टोनवेअरच्या मातीला त्या वेळी बाराशे अंश किंवा त्याहून जास्त ताप लागतो. भट्टी तापायला जितका वेळ लागतो, तितकाच किंवा त्याहून जास्त वेळ ती निवायला लागतो. घाईने दार उघडलं तर गार हवेने भांडी तडकतात. शिवाय भट्टी भरेपर्यंत पेटवत नाहीत, म्हणून एका माणसाची वाटी बाकीच्यांच्या भांड्यांसाठी थांबते.

आता एक काल्पनिक बॅच घेऊ. सहा चाकं आहेत, वर्ग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आहे आणि भट्टी दुसरीकडे. पहिल्या रविवारी माती मळणं आणि हाताने भांडं घडवणं, दुसऱ्या रविवारी चाक, तिसऱ्या रविवारी कोरकाम. मग एक रविवार मोकळा, कारण त्या आठवड्यात वाळणं आणि पहिलं भाजणं व्हायचं आहे. शेवटच्या वर्गात ग्लेझ. त्यानंतर दुसरं भाजणं. यावरून तयार झालेला मजकूर असा:

‘नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आपल्या क्लबहाउसमध्ये मातीकामाची नवी बॅच सुरू होतेय. वर्ग चार, सगळे रविवारी, सकाळी साडेनऊ ते बारा. पहिला वर्ग नऊ नोव्हेंबरला, मग सोळा आणि तेवीस नोव्हेंबरला. तिसरा वर्ग चुकवू नका, नाहीतर भांडं अर्धवट राहील. तीस नोव्हेंबरला सुट्टी, त्या आठवड्यात भांडी वाळतील आणि भाजली जातील. शेवटचा वर्ग सात डिसेंबरला, तेव्हा ग्लेझ लावायचं. तयार भांडी एकवीस डिसेंबरला मिळतील, त्याआधी नाही. चाकं सहा, म्हणून जागा सहाच. वय चौदाच्या पुढे. फी साडेतीन हजार, त्यात माती, ग्लेझ आणि दोन भांड्यांचं भाजणं आलं. जुने कपडे घाला आणि नखं कापून या. नावं दोन नोव्हेंबरपर्यंत घेईन. मला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर नको. तारखा खाली लिहूनही देतेय.’

मजकुरात आकडे अक्षरांत लिहिले आहेत, कारण वाचताना डोळा आकड्यावर अडखळतो आणि आवाजही. मराठीत कानाला फसवणाऱ्या संख्या पुष्कळ आहेत. एकोणतीस आणि एकोणचाळीस, तेवीस आणि तेहेतीस या जोड्या फोनच्या छोट्या स्पीकरवर सारख्याच वाटतात. तारखेच्या बाबतीत महिना आणि वार जोडले की हा घोटाळा टळतो. ‘तीन हजार पाचशे’पेक्षा ‘साडेतीन हजार’ कानाला लवकर कळतं. फोन नंबर मात्र बोलूच नये. तो ऐकून लिहिण्यासाठी माणसाला निरोप तीनदा मागे न्यावा लागतो, लिहिलेला असला तर एका बोटाने उचलता येतो.

‘येत्या रविवारी’, ‘उद्यापासून’, ‘परवा’ हे शब्द मजकुरातून काढून टाकायचे. ‘परवा’ तर मराठीत मागचाही असतो आणि पुढचाही. त्यात व्हॉइस नोट लगेच ऐकला जाईल अशी खात्री नसते. मंगळवारी पाठवलेला निरोप कुणी शनिवारी ऐकतं, कुणी तो बहिणीला पुढे पाठवतं, ती पुढच्या सोमवारी ऐकते. तिच्यासाठी ‘येता रविवार’ वेगळाच असतो.

नखांबद्दलचं वाक्य काहींना क्षुल्लक वाटेल. पण चाक फिरत असताना लांब नख भांड्याच्या भिंतीत शिरलं की पूर्ण भिंतीवर चर उमटतो आणि भांडं कोसळतं. पहिल्याच दिवशी हे घडू नये म्हणून ते निरोपातच सांगायचं.

बोलताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर दूर आणि प्रत्येक तारखेनंतर एका श्वासाचा थांबा, एवढी तयारी पुरते. रेकॉर्डिंगचं बटण वर सरकवलं की ते कुलूपबंद होतं आणि दोन्ही हात कागद धरायला मोकळे राहतात. पाठवण्याआधी एकदा दुप्पट वेगाने ऐकून पाहावं. त्या वेगातही सातही तारखा कळल्या तरच निरोप पाठवावा.

जागा भरल्या की त्याच ग्रुपवर दुसरा, दहा सेकंदांचा निरोप जायला हवा. पहिला निरोप सगळ्यांसाठी पुसण्याची मुभा व्हॉट्सअ‍ॅप ठरावीक वेळेपुरतीच देतं, आणि पुढे पाठवलेल्या प्रती त्यानंतरही फिरत राहतात. नोंदणीची शेवटची तारीख लिहून न ठेवता निरोपात बोलूनच सांगायची ती त्यासाठी.